साहेबांच्या नावाने आलेली घाई

"जागेवर आहात का? एक काम तातडीने करून हवे आहे. मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही. इथेच उत्तर द्या."

खाली कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरचे नाव. मूळ मेल बहुधा इंग्रजीत असतो, पण मजकूर एवढाच. त्यात पैशाचा उल्लेख नाही, लिंक नाही, जोडलेली फाइल नाही. स्पॅमच्या चाळणीला अडवण्यासारखे काहीच नसल्यामुळे तो सरळ इनबॉक्समध्ये येऊन बसतो. वाचणारा अकाउंट्समधला असो, एचआरमधला असो की रिसेप्शनवरचा, साहेबांनी नेमके आपल्यालाच विचारले म्हणून तो जरा सावरून बसतो आणि दोन मिनिटांत लिहितो, "हो सर, बोला."

या पुस्तिकेचा विषय इथे सुरू होतो. पहिला मेल पैसे मागायला आलेला नसतो. कोण उत्तर देतो ते पाहायला आलेला असतो. तोच मेल त्याच क्षणी आणखी कितीतरी जणांना गेलेला असतो. ज्याने उत्तर दिले त्याने दोन गोष्टी आपण होऊन सांगितलेल्या असतात: मी आत्ता जागेवर आहे, आणि साहेबांचे नाव दिसले की मी मेलचा पत्ता बघत नाही. पुढचा सगळा खेळ त्याच्याशीच चालतो.

दुसऱ्या मेलमध्ये मागणी येते. काही मोठ्या ग्राहकांना आज भेट द्यायची आहे, गिफ्ट कार्डे हवीत, दहा हजारांची दहा. तुमच्याच कार्डावर घ्या, संध्याकाळपर्यंत पैसे परत करतो. ऑफिसात कोणाला बोलू नका, काहींना सरप्राइज आहे. तिसरा मेल: कार्डे मिळाली का? मागचा भाग खरवडून फोटो पाठवा, ऑनलाइन घेतली असतील तर कोड इथेच टाइप करा. कोड पोचले की बहुतेक वेळा चौथाही येतो: छान, आणखी दहा घ्या. फसवणूक चालू असतानाच ओळखण्याची शेवटची संधी म्हणजे हा चौथा मेल, कारण सकाळी दहा कार्डांची गरज असलेल्या साहेबांना दुपारी अचानक वीस का लागावीत याला कसलेही कारण दिलेले नसते.

गिफ्ट कार्डच का, हे नीट समजून घेतले तर निम्मे काम होते. बँक खात्यात पैसे मागवायचे तर खाते लागते, खात्याला नाव असते, पत्ता असतो, आणि तक्रार झाली तर बँक ते खाते गोठवू शकते. गिफ्ट कार्डाला यातले काही नाही. ज्याच्या हाती कोड तो मालक. कोडचा फोटो गेला म्हणजे कार्ड गेले. प्लास्टिकचा तुकडा तुमच्या ड्रॉवरमध्ये राहिला तरी त्यात काही उरत नाही. ठक ते कोड वापरून स्वतः खरेदी करत नाहीत, इंटरनेटवरच्या बाजारात पडेल भावाने विकतात. विकत घेणाऱ्याला माल स्वस्तात मिळतो, ठकाला बिटकॉइन किंवा रोख मिळते, आणि हे सगळे तासाभरात उरकते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये आहे. ते पुन्हा भरता येत नाही आणि त्याचे रोख पैसे करून मिळत नाहीत. म्हणून भारतातल्या बनावट मेलमध्ये 'दहा हजारांची दहा' ही भाषा येते. लाखभर रुपयांची भेट द्यायची असलेला खरा मालक दहा वेगवेगळे कोड कशाला जमवत बसेल? एक लाखाची वस्तू घेईल, बिल कंपनीच्या नावाने करील. सणासुदीला कंपन्या व्हाउचर घेतात, नाही असे नाही. पण ते विक्रेत्याकडून, कोटेशन मागवून, जीएसटीच्या बिलावर, खरेदी विभागामार्फत. ज्यूनियर अकाउंटंटच्या वैयक्तिक क्रेडिट कार्डावर कोणत्याच कंपनीची दिवाळी होत नाही.

बनावट मेल ओळखण्याच्या खुणा सांगताना लोक सर्वांत आधी शुद्धलेखनाकडे वळतात. इंग्रजी कच्चे असेल, 'काइंडली'चा मारा असेल, तर मेल खोटा. ही खूण मला फारशी कामाची वाटत नाही. आपल्याकडचे कितीतरी खरे साहेब मोबाइलवरून घाईत जे इंग्रजी लिहितात त्यापुढे ठकाचे इंग्रजी सुबक वाटावे. पाहायचे ते वेगळेच आहे. मेलमध्ये घातलेली प्रत्येक अट कोणाच्या सोयीची आहे? फोन घेता येणार नाही, म्हणजे आवाज ऐकून खात्री करण्याची वाट बंद. कोणाला सांगू नका, म्हणजे शेजारच्या टेबलावर विचारण्याची वाट बंद. आत्ताच्या आत्ता, म्हणजे सही करणारा दुसरा माणूस जेवून परत येईपर्यंत थांबण्याची वाट बंद. स्वतःच्या खिशातून द्या, म्हणजे व्हाउचर बनवून मंजुरी घेण्याची वाट बंद. या चारांपैकी एखादी अट खऱ्या साहेबांचीही असू शकते. चारही एकाच मेलमध्ये आल्या तर त्या साहेबांच्या कामाच्या नाहीतच. ज्याला साहेब समोर यायला नको आहेत, त्याच्या कामाच्या आहेत.

ही युक्ती मेलने आणलेली नाही. २००५ मध्ये फ्रान्समध्ये जिल्बेर शिकली नावाच्या ठकाने तिथल्या टपाल खात्याच्या बँकेतील एका महिला अधिकाऱ्याला फोन केला तो संस्थेचा प्रमुख म्हणून. मग गुप्तहेर खात्याचा माणूस म्हणून तोच पुढे बोलत राहिला. अतिरेक्यांच्या पैशाचा माग काढायचा आहे, देशाचे काम आहे, घरीदारी बोलायचे नाही. त्या बाईंनी साडेतीन लाख युरोंहून अधिक रोकड बॅगेत भरून पॅरिसमधल्या एका कॅफेच्या स्वच्छतागृहात दरवाज्याआडच्या माणसाच्या हवाली केली. शिकलीला पुढे २०१५ मध्ये फ्रेंच न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली, तीही तो देशात नसताना. फ्रेंचांनी या प्रकाराला 'खोटा अध्यक्ष' असेच नाव दिले. मेलमुळे झाले ते एवढेच की बतावणी करायला आवाजाचीही गरज उरली नाही. अमेरिकेत एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात कंपन्यांच्या मेलच्या आडून झालेल्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यांतला तोटा २९० कोटी डॉलरच्या घरात होता. गिफ्ट कार्ड हा त्यातला चिल्लर भाग. मोठा पैसा जातो तो बँक ट्रान्सफरने, आणि तिथे मेल चार ओळींचा नसतो.

तो कसा असतो हे पाहायला नेदरलंड्समधल्या पाथे या सिनेमागृहांच्या कंपनीचे प्रकरण घ्यावे. ते कोर्टात गेल्यामुळे त्यातले मेल निकालपत्रात नोंदले गेले आणि जगाला वाचायला मिळाले. मार्च २०१८ मध्ये कंपनीच्या डच शाखेच्या प्रमुखांना पॅरिसच्या मुख्य कार्यालयातल्या वरिष्ठांच्या नावाने मेल आला. पहिला प्रश्न साधा: केपीएमजीकडून आज सकाळी तुमच्याशी कोणी संपर्क साधला का? साधलेला नव्हता. पण प्रश्नात नामांकित ऑडिट कंपनीचे नाव होते, आणि काहीतरी आधीपासून चालू आहे, आपल्यालाच अजून कळलेले नाही, अशी वाचणाऱ्याची समजूत व्हावी ही त्याची रचना होती. पाठोपाठ खुलासा आला. दुबईतली एक कंपनी विकत घेण्याचे चालले आहे, व्यवहार संपूर्ण गुप्त ठेवायचा आहे, प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागता कामा नये, म्हणून सध्या दुसऱ्या कोणालाही कळवू नका.

डच प्रमुखांनी हे मेल आपल्या वित्तप्रमुखांना दाखवले. दोघांनाही ते विचित्र वाटले, तसे ते एकमेकांत बोललेही. हे फार बोलके आहे. शंका आली नाही असे झालेच नाही. शंका आली, आणि ती दोघांच्या आपसातच फिरत राहिली. पॅरिसला फोन गेला नाही, कारण गुप्ततेच्या अटीने तोच रस्ता आधी अडवून ठेवला होता. पहिली रक्कम होती ८,२६,५२१ युरो, सौद्याच्या किमतीचा दहा टक्के हप्ता म्हणून. ती मोठी असली तरी अशा कंपनीला न पेलणारी नव्हती. ती बिनबोभाट गेली, कोणी हटकले नाही, आणि पुढच्या हप्त्याला पहिल्या हप्त्याचाच आधार मिळाला. महिना संपण्याच्या आत पाच वेळा मिळून १ कोटी ९२ लाख युरोंहून अधिक रक्कम गेली. शेवटी प्रकरण उघडकीस आले ते पॅरिसच्या खऱ्या कार्यालयाने एवढा पैसा कशासाठी काढला असे विचारल्यावर. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. फसवणुकीत त्यांचा स्वतःचा हात नव्हता.

या मेलमधली खूण कुठे होती? बऱ्याच जणांचे उत्तर 'दुबई' असे असते. मला तसे वाटत नाही. युरोपातल्या कंपन्या दुबईत व्यवहार करतात. खूण होती ती कामाच्या वाटणीत. दुसरी कंपनी विकत घेण्याचा निर्णय पॅरिसचा, बोलणी पॅरिसची, आणि पैसे मात्र तिकीटविक्रीवर चालणाऱ्या डच शाखेने द्यायचे. ज्याचा व्यवहार त्याच्याकडे बँक असताना ते पेमेंट वाकड्या वाटेने आपल्या टेबलावर का आले? आपल्याकडच्या अकाउंटंटने स्वतःला विचारायचा प्रश्न हाच. हे पेमेंट नेहमी कोणाकडून होते, आणि आज माझ्याकडे कसे?

पुण्याचे उदाहरण लहान आहे पण त्याने एक गैरसमज दूर होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर अदर पूनावाला यांच्या नावाने निरोप आले की अमुक खात्यांत ताबडतोब पैसे भरा. कंपनीतून १ कोटी १ लाख रुपयांहून अधिक रक्कम गेली, आणि पूनावालांनी असा कोणताही निरोप पाठवलेला नाही हे मागाहून कळल्यावर बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. मोठ्या कंपनीत एवढे कोणी फसत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मोठ्या कंपनीत साहेबांपर्यंत उठून जाणे अवघड असते, आणि ठक त्याच अंतरावर जगतो. दहा जणांच्या वर्कशॉपमध्ये मालक समोरच लेथपाशी उभा असतो. त्याच्या नावाने मेल कोण पाठवणार?

आता पडद्यावर काय दिसते ते पाहू. मेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली, तेव्हा इंटरनेटवर मोजकी, एकमेकांना ओळखणारी मंडळी होती. पाठवणाऱ्याने स्वतःचे नाव खरे सांगितले की नाही हे तपासण्याची सोय त्यात ठेवलीच नाही. टपालाचे पाकीट आणि आतले पत्र जसे वेगळे, तसेच मेलचेही असते: वाटेतले सर्व्हर पाकिटावरचा पत्ता वाचतात आणि आपण वाचतो तो आतल्या पत्राच्या माथ्यावरचा. माथ्यावर कोणीही कोणाचेही नाव छापू शकतो. मोबाइलवर तर अनेकदा तेवढे नावच दिसते, पत्ता दिसतच नाही. म्हणून पहिले काम, नावावर बोट टेकवून पूर्ण पत्ता उघडणे. गिफ्ट कार्डवाले बहुतेक मेल इथेच उघडे पडतात, कारण नाव साहेबांचे आणि पत्ता फुकट मिळणाऱ्या कुठल्यातरी मेल सेवेचा असतो.

पत्ता बरोबर दिसला तरी थांबायचे नाही. कॉम्प्युटरवर जीमेल असेल तर मेलच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून `Show original` निवडायचे. आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून `File`, मग `Properties`. समोर येते ते हेडर. पाहून धडकी भरते, पण वाचायच्या ओळी मोजक्या आहेत. उदाहरणासाठीच राखून ठेवलेले `example.com` हे आपल्या कंपनीचे डोमेन समजू.

```
Return-Path: <info@mail.example.net>
Authentication-Results: mx.example.com;
  spf=pass smtp.mailfrom=mail.example.net;
  dkim=none;
  dmarc=fail header.from=example.com
From: "Managing Director" <md@example.com>
Reply-To: <md.office@mail.example.net>
```

`From` मध्ये पत्ता अगदी आपल्या साहेबांचा आहे. पण `Reply-To` पाहा. तुम्ही 'रिप्लाय' दाबाल तेव्हा उत्तर साहेबांना जाणार नाही, दुसऱ्याच डोमेनवर जाईल. चोराला साहेबांचा पत्ता छापता येतो, साहेबांची पेटी उघडता येत नाही, म्हणून उत्तर वळवून घेण्यासाठी त्याला ही ओळ घालावी लागते. ही त्याची अडचण आहे आणि आपली सोय.

मधल्या ओळी सर्व्हरच्या तपासणीच्या. इथे घाईने वाचणारा चुकतो, कारण त्याला `spf=pass` दिसते आणि तो हुश्श करतो. ही तपासणी सांगते एवढेच की पाकिटावर ज्या डोमेनचे नाव आहे, त्या डोमेनने या सर्व्हरला मेल पाठवायला परवानगी दिलेली आहे. कोणत्या डोमेनने? पुढेच लिहिले आहे, `mail.example.net`. म्हणजे चोराच्या डोमेनने चोराच्या सर्व्हरला परवानगी दिली, यात नवल काय. पाकीट आणि पत्राचा माथा जुळतात का, हे पाहणारी तपासणी शेवटची, `dmarc`. ती इथे नापास झाली आहे. मग मेल आला तरी कसा? कारण नापास मेलचे काय करायचे हे ज्या त्या कंपनीने आपल्या डोमेनच्या नोंदीत सांगून ठेवायचे असते. तिथे `p=none` लिहिले असेल तर त्याचा अर्थ, काही करू नका, येऊ द्या. `p=quarantine` म्हणजे स्पॅममध्ये टाका, `p=reject` म्हणजे दारातूनच परत पाठवा. ही नोंद करताना चाचणीपुरते `none` ठेवायचे आणि पुढे कडक करायचे अशी रीत आहे. अनेक कंपन्यांत ती चाचणी वर्षानुवर्षे संपत नाही. आपल्या आयटीवाल्याला एवढा एक प्रश्न विचारून पाहावा.

तिन्ही तपासण्या पास होऊनही मेल खोटा असू शकतो. जीमेलवर साहेबांच्या नावाने खाते उघडले तर ते जीमेलपुरते अस्सलच असते. किंवा चोर `exarnple.com` असे डोमेन विकत घेतो. पुन्हा वाचा: तिथे एम नाही, आर आणि एन शेजारीशेजारी आहेत. मोबाइलच्या बारीक अक्षरांत हे डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी पत्ता कॉपी करून मोठ्या अक्षरात पाहावा, किंवा त्याहून सोपे, साहेबांच्या जुन्या मेलशेजारी ठेवून पाहावा. डोमेन कधी नोंदले गेले हे `lookup.icann.org` वर कळते. तुमची कंपनी वीस वर्षांची आणि डोमेन गेल्या आठवड्यातले असेल तर आणखी काही तपासायला नको. बाहेरून आलेल्या मेलवर आपोआप 'एक्स्टर्नल' असा पट्टा लावण्याची सोय ज्या ऑफिसात आहे तिथे काम आणखी सोपे, कारण शेजारच्या केबिनमधल्या साहेबांचा मेल बाहेरून यायला नको. दुर्दैवाने प्रत्येक ग्राहकाच्या मेलवर तोच पट्टा दिसत असल्यामुळे महिनाभरात तो कोणी वाचेनासा होतो.

आणि एक प्रकार असा की ज्यात हेडर काहीच सांगत नाही. साहेबांचा पासवर्डच चोरीला गेलेला असतो. मेल खऱ्या पेटीतून, खऱ्या सर्व्हरवरून येतो, सगळ्या तपासण्या खऱ्या अर्थाने पास. चोर आधी काही दिवस नुसते वाचत बसलेला असतो. कोणाला काय म्हणून हाक मारतात, कोणते पेमेंट थकले आहे, साहेब कधी विमानात असतील, हे त्याला ठाऊक असते. पेटीत तो एक नियम गुपचूप लावून ठेवतो, की अमुक माणसाची उत्तरे इनबॉक्समध्ये न दाखवता, कोणी कधी उघडत नाही अशा एखाद्या फोल्डरमध्ये टाकावीत. त्यामुळे खऱ्या साहेबांना पत्ताच नसतो की आपल्या नावाने बोलणे चालू आहे. इथे मेलवरून "सर, नक्की ना?" असे विचारले तर चोरच "हो, नक्की" म्हणतो. उरते ती एकच खूण: खाते नवीन आहे. ज्या पार्टीला आपण पूर्वी कधी पैसे दिलेले नाहीत, किंवा दिलेले आहेत पण खाते नंबर आज बदललेला आहे, तिथे फोन करायचा. मेलखालच्या नंबरवर नाही, आपल्या डायरीतल्या नंबरवर.

नियम केला म्हणजे झाले असेही नाही. खेळणी बनवणाऱ्या अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीत मोठ्या पेमेंटला दोन वरिष्ठांची मंजुरी लागत असे. एप्रिल २०१५ मध्ये नव्यानेच पदावर आलेल्या प्रमुखांच्या नावाने वित्त विभागातल्या एका वरिष्ठ बाईंना मेल आला, की चीनमधल्या पुरवठादाराला ३० लाख डॉलर द्यायचे आहेत. त्यांनी नियम तपासला. दोन वरिष्ठ हवेत. एक मी, दुसरे खुद्द प्रमुख, ज्यांनी मेल पाठवलाच आहे. नियम पाळला गेला आणि पैसे गेले. पेमेंट मागणाऱ्यालाच मंजुरी देणारा धरले तर दोन सह्यांची एकच होते, हे त्या नियमात लिहायचे राहिले होते. काही तासांनी प्रमुखांशी बोलताना विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, मी असे काही सांगितलेच नाही. बँक म्हणाली, उशीर झाला, रक्कम चीनमधल्या वनचौ शहरातल्या बँकेत पोचली. मॅटेल वाचली ती कॅलेंडरमुळे. दुसऱ्या दिवशी १ मे, चीनमधल्या बँकांना कामगार दिनाची सुट्टी. सुट्टीमुळे पैसे पुढे सरकले नाहीत, तेवढ्यात चिनी पोलिसांकडे तक्रार पोचली, खाते गोठले आणि रक्कम परत आली.

हे नशीब भारतातल्या भारतात चालत नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, रविवारीही चालू असते. शनिवारी संध्याकाळी गेलेली रक्कम सोमवारपर्यंत थांबून राहत नाही. ती आधी एका भाडोत्री खात्यात, तिथून पाचपंचवीस खात्यांत, आणि तिथून एटीएममधून बाहेर पडते. त्यातच आपली बँक पैसे जमा करते ते खाते नंबर पाहून. तुम्ही वर लिहिलेल्या नावाशी ती ते ताडून पाहत नाही. चोराला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो नाव ओळखीच्या पुरवठादाराचे देतो आणि नंबर स्वतःचा. यावर रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंतची मुदत देऊन एक सोय करायला लावली: एनईएफटी किंवा आरटीजीएस करण्याआधी त्या नंबरामागचे खरे नाव पडद्यावर दिसते. बेनिफिशियरी जोडताना ते नाव वाचायला अर्धे मिनिट लागते. पुरवठादार प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, आणि पडद्यावर नाव कोणा व्यक्तीचे, तर पेमेंट तिथेच सोडून द्यावे. त्या दिवशी दंड-व्याज लागले तर लागू दे.

अकाउंट्सच्या माणसांना दोष देण्याआधी एक गोष्ट साहेबांसाठी. ज्या ऑफिसात खरे साहेब स्वतःच्या जीमेलवरून रात्री अकरा वाजता "हे लगेच भरून टाका, कागद मागाहून" असे लिहितात, आणि "का?" असे विचारणाऱ्याचा पाणउतारा करतात, तिथे खोटा मेल ओळखणार कसा? खऱ्याचीच लक्षणे खोट्याची आहेत. अशा ऑफिसात हेडर शिकवून उपयोग नाही. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर सांगावे लागते, की माझ्या नावाने पैशाचा मेल आला तर मला फोन करा, मी मीटिंगमध्ये असलो तरी. आणि मग कोणी खरोखर फोन केला तर चिडायचे नाही.

पुढच्या प्रकरणांत मेलचे नमुने आहेत आणि प्रत्येकाचे हेडर सोडवून दाखवले आहे. ज्यांनी पैसे पाठवून झाल्यावर ही पुस्तिका उघडली असेल त्यांनी नमुने नंतर वाचावेत. आधी बँकेला फोन करावा, लगेच १९३० वर, आणि मग `cybercrime.gov.in` वर तक्रार. हाताशी यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि समोरचा खाते नंबर ठेवावा, कारण तिकडचा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो आणि त्यावरूनच पुढच्या बँकेला रक्कम अडवायला सांगतो. गिफ्ट कार्डांच्या बाबतीत कार्ड ज्या कंपनीने काढले तिला कार्ड नंबर आणि खरेदीची पावती द्यावी. कोड अजून वापरला गेला नसेल तर तो बंद होऊ शकतो. चोराचा मेल रागाने पुसून टाकू नये आणि पोलिसांना नुसता फॉरवर्डही करू नये, फॉरवर्ड केल्यावर मूळ हेडर त्यात राहत नाही. तो डाउनलोड करून `.eml` फाइल म्हणून ठेवावा. आणि चोराचे पुढचे मेल येत असतील तर त्याला काही कळू देऊ नये. पहिले पैसे पोचल्यावर तो आणखी मागतो, आणि तेव्हा तो बहुधा नवे खाते देतो. तो नंबरही तक्रारीत जोडता येतो.